सहा जणांची तासभराची मीटिंग पगारात किती पडते: हिशोब कसा मांडावा

सहा पगारांची बेरीज करायची, तिला तीस दिवसांनी आणि मग आठ तासांनी भागायचे. बहुतेक ठिकाणी मीटिंगचा पगारखर्च असाच काढला जातो, आणि तो खऱ्या खर्चापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी येतो. बेरीज-भागाकार बरोबर असतो. चूक त्याआधीच झालेली असते: कोणता पगार धरला आणि त्याला कोणत्या तासांनी भागले, इथे. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे. तयारी नीट झाली की उरलेले काम दहा मिनिटांचे आहे.

उदाहरण सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या एका मध्यम कारखान्याचे घेऊ. दर सोमवारी सकाळी आठवड्याच्या ऑर्डरींवर तासभर मीटिंग होते आणि तिला सहा जण बसतात. कारखाना आणि आकडे नमुन्यासाठी धरलेले आहेत, पण पगाराची रचना अशा कारखान्यांत असते तशीच आहे. महिन्याचा ग्रॉस पगार असा: युनिट मॅनेजर ८५,०००, डाइंग मास्टर ४८,०००, एक्स्पोर्टचे काम पाहणारी मर्चंडायझर ४२,०००, लूमशेडचा सुपरवायझर २८,०००, चेकिंग इन्चार्ज २४,००० आणि स्टोअरकीपर १८,००० रुपये. बेरीज २,४५,००० रुपये.

## सुरुवातीआधी काय गोळा करावे

पगारपत्रक समोर असल्याशिवाय सुरू करू नका. अंदाजे पगार धरून केलेला हिशोब पुढे कुणी तपासायला घेतला की तिथेच अडतो. अकाउंट विभागाकडून चार गोष्टी मागून घ्या.

- प्रत्येकाची चालू पगाररचना: ग्रॉस किती, त्यात बेसिक आणि महागाई भत्ता किती.
- पीएफ आणि ईएसआयच्या गेल्या महिन्याच्या चलनातून, त्या व्यक्तीपोटी कंपनीने भरलेली रक्कम.
- गेल्या दिवाळीला प्रत्येकाला प्रत्यक्ष दिलेला बोनस.
- कारखान्याची सुट्ट्यांची यादी, रजेचे नियम आणि शिफ्टच्या वेळा. ऑफिस आणि कारखाना यांच्या वेळा वेगळ्या असतील तर दोन्ही.

सावधान: एखाद्या महिन्यात प्रत्यक्ष निघालेला पगार घेऊ नका, पगाररचना घ्या. बिनपगारी रजा पडलेल्या महिन्याचा आकडा कमी असतो, आणि दिवाळीच्या किंवा पगारवाढीची थकबाकी मिळालेल्या महिन्याचा फुगलेला. दोन्हींनी दर बिघडतो, आणि तो का बिघडला हे नंतर कुणाला आठवत नाही.

## पायरी १: कोणता पगार धरायचा ते ठरवा

एकाच माणसाच्या पगाराचे तीन आकडे फिरत असतात: हातात पडणारा, ग्रॉस आणि सीटीसी. आपण ग्रॉसपासून सुरू करायचे.

हातात पडणारा पगार का चालत नाही ते स्टोअरकीपरच्या स्लिपवर दिसते. त्याचा ग्रॉस १८,०००. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ १,६८० (बेसिक व महागाई भत्ता मिळून १४,०००, त्याचे १२ टक्के), ईएसआय १३५ (ग्रॉसचे ०.७५ टक्के) आणि व्यवसाय कर २०० रुपये कापले जातात. हातात १५,९८५ पडतात. पण कापलेले २,०१५ रुपये कंपनीकडे राहत नाहीत. त्याच्याच नावाने ते पुढे भरले जातात, म्हणून कंपनीचा खर्च पूर्ण १८,००० आहे.

सीटीसी घेण्यात उलटी अडचण आहे. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ, बहुतेक वेळा ग्रॅच्युइटी आणि कधीकधी विम्याचा हप्ताही आधीच धरलेला असतो. तो आकडा घेऊन पुढच्या पायरीत पुन्हा पीएफ जोडला की तीच रक्कम दोनदा मोजली जाते. शिवाय सहापैकी चौघांचा ग्रॉस आणि दोघांचा सीटीसी अशी सरमिसळ फार होते, कारण वरच्या पदाच्या लोकांचे नेमणूकपत्र सीटीसीत लिहिलेले असते आणि बाकीच्यांचे ग्रॉसमध्ये.

तपासा: सहाही आकडे एकाच जातीचे आहेत ना? मॅनेजरचा आकडा वार्षिक सीटीसीला १२ ने भागून आलेला असेल, तर त्यातून कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि बोनस बाजूला काढा आणि मगच तक्त्यात बसवा.

## पायरी २: ग्रॉसवर कंपनी आणखी काय भरते ते जोडा

इथे चार बाबी येतात. प्रत्येकाला चारही लागू नसतात, म्हणून सगळ्यांवर सरसकट एक टक्केवारी लावू नका.

पीएफ. कंपनीचा वाटा १२ टक्के. त्याशिवाय विमा योजनेचा अर्धा टक्का आणि प्रशासन खर्चाचा अर्धा टक्का, असे १३ टक्के होतात. आपल्या कारखान्यात पीएफ १५,००० रुपयांच्या मर्यादेवर भरला जातो. त्यामुळे बेसिक व महागाई भत्ता १५,००० किंवा त्याहून जास्त असलेल्या पाच जणांसाठी प्रत्येकी १,९५० रुपये, आणि स्टोअरकीपरसाठी १४,००० वर १,८२० रुपये. काही कंपन्या पूर्ण बेसिकवर पीएफ भरतात. तुमच्याकडे काय चालते ते चलनातूनच घ्या, तोंडी विचारून नको.

ईएसआय. महिन्याचे वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेल्यांनाच लागू. कंपनीचा वाटा ३.२५ टक्के. सहापैकी फक्त स्टोअरकीपर यात बसतो: १८,००० वर ५८५ रुपये.

ग्रॅच्युइटी. ही दर महिन्याला हातातून जात नाही, म्हणून हमखास विसरली जाते. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, महिना २६ दिवसांचा धरून, असा तिचा हिशोब आहे. म्हणजे बेसिक व महागाई भत्त्याला १५ ने गुणा, २६ ने भागा, मग १२ ने भागा. महिन्याला ४.८१ टक्के होतात. मॅनेजरचे बेसिक ४२,५०० आहे, त्यावर २,०४३ रुपये. इतरांचे बेसिक व महागाई भत्ता मास्टर २४,०००, मर्चंडायझर २२,०००, सुपरवायझर १७,०००, चेकिंग इन्चार्ज १५,५०० आणि स्टोअरकीपर १४,००० असे आहेत. त्यांवर अनुक्रमे १,१५४, १,०५८, ८१७, ७४५ आणि ६७३ रुपये.

दिवाळी बोनस. कायद्याचा किमान दर ८.३३ टक्के आहे, पण तो कुणाला आणि कोणत्या रकमेवर लागू होतो यातच लोक गोंधळतात. आपल्याला त्या वादात शिरायचे कारण नाही. गेल्या दिवाळीला त्या माणसाला जे दिले, ते १२ ने भागा. आपल्या उदाहरणात महिन्याला मॅनेजर ५,०००, मास्टर ३,०००, मर्चंडायझर २,५००, सुपरवायझर १,५००, चेकिंग इन्चार्ज १,३०० आणि स्टोअरकीपर १,२०० रुपये पडतात.

जोडून झाल्यावर कंपनीला महिन्याला पडणारी रक्कम अशी येते:

| पद | ग्रॉस | पीएफ | ईएसआय | ग्रॅच्युइटी | बोनस | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|
| युनिट मॅनेजर | ८५,००० | १,९५० | ० | २,०४३ | ५,००० | ९३,९९३ |
| डाइंग मास्टर | ४८,००० | १,९५० | ० | १,१५४ | ३,००० | ५४,१०४ |
| मर्चंडायझर | ४२,००० | १,९५० | ० | १,०५८ | २,५०० | ४७,५०८ |
| सुपरवायझर | २८,००० | १,९५० | ० | ८१७ | १,५०० | ३२,२६७ |
| चेकिंग इन्चार्ज | २४,००० | १,९५० | ० | ७४५ | १,३०० | २७,९९५ |
| स्टोअरकीपर | १८,००० | १,८२० | ५८५ | ६७३ | १,२०० | २२,२७८ |

बेरीज २,७८,१४५ रुपये. ग्रॉसच्या बेरजेपेक्षा सुमारे साडेतेरा टक्के जास्त. पण ओळीओळीने पाहिले तर मॅनेजरवर ही वाढ साडेदहा टक्क्यांची आहे आणि स्टोअरकीपरवर जवळपास चोवीस टक्क्यांची. पीएफची मर्यादा वरच्या पगाराला थांबवते आणि ईएसआय खालच्या पगारालाच लागतो, त्याचा हा परिणाम. सरसकट टक्केवारी लावू नका असे म्हटले ते यासाठी.

सावधान: वीज, एसी, चहा, जागेचे भाडे हे यात मिसळू नका. आपण पगारखर्च काढतो आहोत. ते खर्च जोडायचे असतील तर वेगळ्या ओळीत जोडा, नाहीतर पुढच्या वर्षी आकडा कशामुळे वाढला हे सांगता येणार नाही.

## पायरी ३: वर्षाचे खरे तास मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि सगळ्यात मोठ्याही.

महिन्याला किती तासांनी भागायचे? कुणी ३० दिवस आणि ८ तास, म्हणजे २४० घेतो. कुणी २६ गुणिले ८, म्हणजे २०८. क्वचित कुणी ३० गुणिले २४, म्हणजे ७२० सुद्धा घेतो, जणू माणूस रात्री झोपेतही कारखान्यातच असतो. आपल्या ग्रॉसच्या बेरजेला या तिघांनी भागले तर मीटिंगचा तास अनुक्रमे १,०२१, १,१७८ आणि ३४० रुपयांना पडतो. पगार तेच, आणि उत्तरे तीन.

३० ने भागणे चुकीचे आहे, कारण आठवड्याच्या सुट्टीला माणूस कामावर नसतो. पगार महिन्याचा मिळतो, पण तो कामाच्या दिवसांत कमावलेला असतो. २६ हा आकडा आठवड्याची सुट्टी वगळतो, म्हणून तो जास्त बरा वाटतो. ग्रॅच्युइटीत आणि कामाच्या एका दिवसाचे वेतन काढताना तोच वापरतात आणि तिथे तो योग्यही आहे. मीटिंगसाठी मात्र तो अपुरा आहे. २६ मध्ये पगारी सण आणि पगारी रजा कामाचे दिवस म्हणून मोजल्या जातात, पण २६ जानेवारीला, सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्टीला किंवा रजेच्या दिवशी त्या माणसाला मीटिंगला बसवता येत नाही. त्या दिवसांचा पगार उरलेल्या तासांनीच पेलायचा असतो.

म्हणून महिना सोडा आणि वर्ष धरा. कारखान्याच्या वेळेत काम करणाऱ्या चौघांसाठी, म्हणजे मास्टर, सुपरवायझर, चेकिंग इन्चार्ज आणि स्टोअरकीपर यांच्यासाठी:

३६५ दिवसांतून आठवड्याच्या ५२ सुट्ट्या वजा केल्या की ३१३. त्यातून सणांच्या १० पगारी सुट्ट्या गेल्या की ३०३. हक्काच्या १५ आणि किरकोळ ८ अशा २३ पगारी रजा गेल्या की २८० दिवस. शिफ्ट सकाळी ८ ते दुपारी ४.३०, मध्ये जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी, म्हणजे कामाचे ८ तास. २८० गुणिले ८, म्हणजे २,२४० तास.

मॅनेजर आणि मर्चंडायझर ऑफिसच्या वेळेत असतात. त्यांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी आहे, म्हणजे वर्षाला आणखी २४ दिवस कमी. २५६ दिवस गुणिले ८, म्हणजे २,०४८ तास.

तुलनेसाठी: महिन्याला २०८ धरले की वर्षाचे २,४९६ तास होतात. चौघांसाठी २५६ आणि दोघांसाठी ४४८ तास हवेतले.

सावधान: दुपारचा चहा, हात धुण्याची पाच मिनिटे, नमाज किंवा पूजेची वेळ असे बारीक तुकडे वजा करत बसू नका. ते मीटिंग असलेल्या दिवशीही असतात आणि नसलेल्या दिवशीही. माणूस कामावर हजर आहे आणि त्या वेळेचा पगार चालू आहे, तो तास धरा.

रजा शिल्लक ठेवून तिचे पैसे घेण्याची पद्धत असेल तर मंजूर रजा धरू नका. मस्टरवरून गेल्या वर्षी प्रत्यक्ष घेतलेली रजा धरा, आणि रजेपोटी दिलेले पैसे पायरी २ च्या रकमेत जोडा.

## पायरी ४: आधी प्रत्येकाचा दर, मग बेरीज

क्रम महत्त्वाचा आहे. प्रत्येकाची महिन्याची एकूण रक्कम १२ ने गुणा, त्याच्याच वर्षाच्या तासांनी भागा, आणि सहा दर हाती आल्यावरच बेरीज करा.

| पद | वर्षाचा खर्च | वर्षाचे तास | तासाचा दर |
|---|---|---|---|
| युनिट मॅनेजर | ११,२७,९१६ | २,०४८ | ५५०.७४ |
| डाइंग मास्टर | ६,४९,२४८ | २,२४० | २८९.८४ |
| मर्चंडायझर | ५,७०,०९६ | २,०४८ | २७८.३७ |
| सुपरवायझर | ३,८७,२०४ | २,२४० | १७२.८६ |
| चेकिंग इन्चार्ज | ३,३५,९४० | २,२४० | १४९.९७ |
| स्टोअरकीपर | २,६७,३३६ | २,२४० | ११९.३५ |

बेरीज १,५६१.१३. म्हणजे सहा जणांची तासभराची मीटिंग १,५६१ रुपयांना पडते, मिनिटाला २६ रुपये. सुरुवातीच्या ३० आणि ८ च्या हिशोबाने हाच आकडा १,०२१ येत होता.

सगळ्यांचे तास सारखे असते तर आधी बेरीज करून नंतर भागले असते तरी उत्तर तेच आले असते. म्हणून छोट्या ऑफिसात ही चूक कळून येत नाही. इथे तास दोन प्रकारचे आहेत. सगळी बेरीज २,२४० ने भागली तर १,४९० येतात, ७१ रुपयांनी कमी. तासांची सरासरी काढून (२,१७६) भागले तरी १,५३४ च येतात. कारण ज्याचे तास कमी आहेत त्याचाच पगार सर्वांत मोठा आहे, आणि सरासरी काढताना स्टोअरकीपरच्या तासांना मॅनेजरच्या तासांइतकेच वजन मिळते.

दुसरी चूक ‘मधला पगार’ धरण्याची. सहा पगार चढत्या क्रमाने लावले तर मधल्या दोघांच्या, म्हणजे २८,००० आणि ४२,००० च्या, मध्ये ३५,००० येतात. ‘साधारण पस्तीस हजार धरा आणि सहाने गुणा’ असे कुणी म्हटले की २,१०,००० होतात. खऱ्या बेरजेतले ३५,००० तिथेच गळतात. एकाचा पगार बाकीच्यांहून बराच मोठा असेल तेव्हा मधला आकडा बहुतेक वेळा कमी भरतो. खरी सरासरी ४०,८३३ आहे, आणि ती काढायला सहाही पगारांची बेरीज करावीच लागते. मग सरासरीचा फेरा कशाला?

तपासा: प्रत्येकाचा दर त्याच्या ग्रॉस भागिले २०८ या आकड्याच्या साधारण सव्वा ते एक पूर्णांक चार पट असायला हवा. स्टोअरकीपर: १८,००० भागिले २०८ म्हणजे ८६.५४, आणि आपला दर ११९.३५, म्हणजे १.३८ पट. मास्टर १.२६ पट. कुणाचे प्रमाण १ च्या खाली आले तर बहुधा भागायचे तास जास्त धरले गेले आहेत, आणि दीडच्या वर गेले तर सीटीसीवर पुन्हा पीएफ चढला आहे किंवा वर्षाचा बोनस १२ ने भागायचा राहिला आहे.

## पायरी ५: कोण किती मिनिटे बसला ते धरा

मीटिंग तासाची ठरली म्हणून सहाही जणांचा तासच गेला असे होत नाही. मिनिटे माणसागणिक मांडा. सुरुवातीची वेळ बोलावलेली धरा, बोलणे सुरू झाल्याची नव्हे.

समजा मीटिंग ९.३० ला बोलावली. पाच जण वेळेवर बसले, मॅनेजर ९.४० ला आले आणि तिथून पुढे तासभर मीटिंग चालली. मॅनेजरची ६० मिनिटे झाली आणि बाकी पाचांची ७०. पाचांचे दर मिळून १,०१०.३९, त्यांची दहा मिनिटे १६८ रुपयांची. त्या दिवशीची मीटिंग १,५६१ ची नसून १,७३० रुपयांची झाली. मीटिंगच्या नोंदवहीत मात्र ‘कालावधी १ तास’ एवढेच लिहिलेले असते, आणि हे १६८ रुपये कुठेच दिसत नाहीत.

उलट बाजूने: स्टोअरकीपरला सूत आणि केमिकलच्या साठ्यापुरते पहिली पंधरा मिनिटे बसवून सोडले तर त्याचे ४५ मिनिटांचे ९० रुपये कमी होतात. आकडा लहान आहे. सुपरवायझर, चेकिंग इन्चार्ज आणि स्टोअरकीपर या तिघांचे मिळून दर ४४२ आहेत, एकट्या मॅनेजरपेक्षा कमी. त्यामुळे मीटिंगचा आकडा खरोखर कमी करायचा असेल तर खालच्या पदाचा एखादा माणूस वगळून फारसे साधत नाही. मीटिंग वेळेवर सुरू करून पंधरा मिनिटे आधी संपवली तर तो ३९० रुपयांनी उतरतो.

डाइंगच्या शेडपासून ऑफिसपर्यंत जायला-यायला पाच-पाच मिनिटे लागत असतील तर मास्टरच्या मिनिटांत तीही धरा. हा वेळ मीटिंगमुळेच जातो.

शिफ्ट संपल्यावरची मीटिंग. इथे नियम बदलतो. मीटिंग ४.३० नंतर घेतली आणि त्या आठवड्याचे ४८ तास आधीच भरलेले असले, तर ओव्हरटाइमला पात्र असलेल्या माणसाला तो तास दुप्पट दराने द्यावा लागतो. आपल्या सहांत स्टोअरकीपर पात्र आहे असे धरू. त्याच्यासाठी आपला ११९ चा दर वापरायचा नाही. ओव्हरटाइम साध्या वेतनदरावर निघतो, म्हणून इथे २०८ च योग्य: ८६.५४ गुणिले २, म्हणजे १७३ रुपये. मीटिंग १,६१५ रुपयांना पडते. यातले हे १७३ रुपये पगाराशिवाय वेगळे द्यावे लागतात, हे विसरू नका.

## पायरी ६: शीट तयार करा

एकदा शीट झाली की दर मीटिंगला फक्त मिनिटे बदलायची. पहिल्या ओळीत शीर्षके: A पद, B ग्रॉस, C पीएफ, D ईएसआय, E ग्रॅच्युइटी, F महिन्याला पडणारा बोनस, G वर्षाचे तास, H मिनिटे, I खर्च. सहा जण ओळ २ ते ७ मध्ये. I2 मध्ये हे सूत्र घालून I7 पर्यंत ओढा:

```
=SUM(B2:F2)*12/G2*H2/60
```

एकूण I8 मध्ये:

```
=SUM(I2:I7)
```

तपासा: H मध्ये सगळीकडे 60 घाला. आपल्या आकड्यांनी I8 मध्ये 1561.13 च्या आसपास यायला हवे. सगळीकडे 30 घातले की बरोबर निम्मे. तसे झाले नाही तर कुठल्यातरी खान्यात आकड्याऐवजी मजकूर आहे. ‘85,000/-’ असा टाइप केलेला पगार शीटला आकडा वाटत नाही आणि बेरजेतून तो गुपचूप वगळला जातो. एकूण आकडा अचानक सुमारे पाचशेने घसरला तर आधी हेच पाहा.

पूर्णांक करणे शेवटी, फक्त I8 वर. पगारवाढ झाली, ईएसआयची मर्यादा कुणी ओलांडली किंवा पीएफचा पाया बदलला की B ते E पुन्हा भरा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. आपल्या उदाहरणात सहाही जणांचे बेसिक व महागाई भत्ता निम्मे किंवा त्याहून जास्त आहे. तुमच्याकडे बेसिक तीस-पस्तीस टक्क्यांवर ठेवले असेल तर ग्रॅच्युइटीचा रकाना आधी दुरुस्त करा.

## आकडा कुणाला दाखवावा

शीट अकाउंट विभागातच ठेवा, बाहेर फक्त एकूण आकडा द्या. पण एकूण आकड्यातूनही पगार फुटतो, आणि इकडे लोकांचे लक्ष जात नाही. एका सोमवारी सहा जणांचे १,५६१ आणि पुढच्या सोमवारी स्टोअरकीपर नसताना १,४४२ असे आकडे फळ्यावर लिहिले, तर वजाबाकी ११९ येते. वर्षाचे तास ठाऊक असलेला माणूस २,२४० ने गुणून १२ ने भागतो आणि सुमारे २२,२०० वर पोचतो. तिथून ग्रॉस ओळखायला फार वेळ लागत नाही. म्हणून बाहेर देताना आकडा जवळच्या शंभरावर आणा आणि दर आठवड्याचा न देता महिन्याच्या सगळ्या मीटिंगांचा एकत्र द्या.

दुसरे म्हणजे हा आकडा ‘वाचलेले पैसे’ म्हणून सांगू नका. सोमवारची मीटिंग रद्द केली म्हणून महिनाअखेरीस १,५६१ रुपये कमी द्यावे लागत नाहीत, पगार तेवढाच जातो. मोकळी होते ती सहा जणांची वेळ. त्या तासात मास्टर शेड मॅचिंग पाहू शकले किंवा सुपरवायझर बंद पडलेल्या मागांपाशी उभा राहू शकला, तरच तिची किंमत वसूल होते. खरोखर पैसे वाचतात ते फक्त ओव्हरटाइमच्या त्या १७३ रुपयांत.